फोटोत नसलेलं स्टूल: इनपेंटिंग करताना सावली, माप आणि पोत कसे जुळवायचे

फोटोतला एक भाग मास्क करून, म्हणजे निवडून, तिथे एआयकडून नवी वस्तू आणणं म्हणजे इनपेंटिंग, आणि ते आता कुणालाही जमतं. ती वस्तू तिथेच ठेवलेली होती असं वाटायला लावणं मात्र वेगळं काम आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात स्टूल उत्तम आलं होतं. लाकूड खरं, कडा स्वच्छ, आकार देखणा. तरी ते जमिनीवर टेकलेलं दिसेना, चार बोटं वर तरंगत होतं. त्यानंतर मी तोच फोटो आणि तेच स्टूल घेऊन पुन्हा पुन्हा काम केलं. त्यातून जी पद्धत हाताशी आली ती इथे क्रमाने सांगतो.

मी स्टेबल डिफ्युजन या चित्रं बनवणाऱ्या एआयच्या इनपेंटिंग मॉडेलवर काम करतो. ते चालवायला वेगवेगळी सॉफ्टवेअर आहेत. पडद्यावरची नावं ऑटोमॅटिक1111 वेब यूआयमधली आहेत, जिथे फरक पडतो तिथे कम्फीयूआयचंही सांगेन. चित्र रंगवण्याचं आणि जोडण्याचं काम गिम्पमध्ये करतो, पण लेअर असलेलं कोणतंही सॉफ्टवेअर चालेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मॉडेल उजेडाचं गणित करत नाही. खिडकी कुठे आहे, कॅमेरा किती उंचीवर आहे, हे ते मोजत नाही. त्याला दिलेल्या चौकटीत जे दिसतं त्याच्याशी शोभेल असं काहीतरी ते भरतं. म्हणून आपलं काम तीन ठिकाणी असतं: चौकटीत काय दिसू द्यायचं, मास्कला कोणता आकार द्यायचा, आणि मास्कच्या आत आधी काय रंगवून ठेवायचं. प्रॉम्प्टचा नंबर या तिन्हींच्या नंतर.

आधी फोटो मोजून घ्या

फोटो असा: एक खोली, डावीकडे मोठी खिडकी, मॅट फरशी, डाव्या बाजूला एक लाकडी खुर्ची. फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा. खुर्चीच्या उजवीकडे मोकळ्या जागेत 45 सेंटीमीटर उंचीचं, 30 सेंटीमीटर रुंद गोल बैठकीचं स्टूल हवं आहे.

पहिल्यांदा क्षितिजरेषा शोधायची. फरशीचे जे सांधे आपल्यापासून दूर जातात त्यांतले दोन घ्या आणि गिम्पमध्ये वेगळ्या लेअरवर सरळ रेघांनी पुढे वाढवा. त्या जिथे एकमेकींना छेदतात ती उंची म्हणजे क्षितिजरेषा. माझ्या फोटोत ती वरून 1500 व्या पिक्सेलवर, म्हणजे नेमकी मध्यावर आली. भिंतीच्या उभ्या कडाही सरळ उभ्या होत्या. याचा अर्थ फोन वर किंवा खाली न झुकवता धरला होता. फोन चांगलाच झुकलेला असेल तर पुढचं गणित ढोबळच राहील, हे लक्षात ठेवा.

क्षितिजरेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. मी फोन छातीपाशी, जमिनीपासून साधारण 150 सेंटीमीटरवर धरला होता. त्यामुळे फरशीवरच्या कोणत्याही बिंदूपासून सरळ वर क्षितिजरेषेपर्यंतचं अंतर म्हणजे त्या जागी 150 सेंटीमीटर. स्टूलचा मध्य मला 2700 व्या पिक्सेलवर टेकवायचा होता. तिथून 1500 पर्यंत 1200 पिक्सेल होतात. 1200 भागिले 150, म्हणजे एका सेंटीमीटरला 8 पिक्सेल. म्हणून स्टूल 360 पिक्सेल उंच आणि बैठक 240 पिक्सेल रुंद. अंदाजाने काढलं असतं तर मी ते जवळपास दीडपट मोठं केलं असतं, कारण रिकाम्या जागेत वस्तू नेहमी मोठीच सुचते.

बैठक गोल असली तरी फोटोत ती लंबगोल दिसणार. तो लंबगोल किती चपटा, हेही निघतं. बैठक कॅमेऱ्यापेक्षा 105 सेंटीमीटर खाली आहे आणि मी त्या जागेपासून पावणेचार मीटरवर, म्हणजे 375 सेंटीमीटरवर उभा होतो. 105 भागिले 375 म्हणजे 0.28. 240 पिक्सेल रुंदीला 0.28 ने गुणलं की लंबगोलाची उंची मिळते, सुमारे 67 पिक्सेल. मॉडेल मोकळं सोडलं तर बैठक बऱ्याचदा जास्त वरून पाहिल्यासारखी काढतं, आणि मग स्टूल आपल्याकडे घसरतंय असं वाटतं.

पायांचंही असंच. पुढचे पाय मागच्या पायांपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असतात, म्हणून ते फोटोत खाली टेकतात. माझ्या स्टूलचे पुढचे पाय साधारण 2740 वर आणि मागचे 2663 वर यायला हवेत, म्हणजे सुमारे 75 पिक्सेलचा फरक. तरंगणाऱ्या स्टूलचं अर्धं कारण मला इथे सापडलं. त्यात चारही पाय जवळजवळ एकाच रेघेत टेकले होते.

मग उजेड वाचा

उजेडासाठी शेजारची खुर्ची हा आपला साक्षीदार. तिच्या पायाची सावली उजवीकडे आणि थोडी आपल्या बाजूला पडत होती. पायाला लागून गडद, मग एक वीतभर अंतरात पसरत जाऊन विरलेली. मोठ्या खिडकीचा मऊ उजेड असाच असतो. कडक ऊन असतं तर सावलीला धार असती आणि ती लांबवर एकसारखी गडद राहिली असती.

आता गिम्पच्या कलर पिकरने दोन जागा मोजा. उजेडातल्या फरशीचे आकडे लाल 168, हिरवा 140, निळा 112 असे होते. पायाला लागून असलेल्या सावलीत तेच 88, 78, 68 झाले. भागाकार केला तर लाल 0.52, हिरवा 0.56, निळा 0.61. म्हणजे सावली नुसती काळपट नसते. तिच्यात लाल सर्वांत जास्त कमी झालेला असतो, निळा त्या मानाने टिकून राहतो. नुसत्या काळ्या ब्रशने काढलेली सावली घाण साचल्यासारखी दिसते ती याचमुळे. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा, लगेच लागतील.

चौकट स्वतः कापा

पूर्ण फोटो मॉडेलला दिला तर तो 1024 पर्यंत लहान होतो. मग माझी 240 पिक्सेलची बैठक 61 पिक्सेलची उरते. त्यात हे मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही. आधी ते चित्राचं आठपट लहान रूप बनवतं आणि त्यावर काम करतं. म्हणजे संपूर्ण बैठकीच्या रुंदीला आठ घरंसुद्धा मिळत नाहीत. एवढ्या जागेत लाकडाचे रेषे कुठून येणार?

उलट टोकाला `Only masked` हा पर्याय आहे. तो मास्कभोवतीचा भागच कापून मोठा करतो. त्याचं `Only masked padding` मुळात 32 पिक्सेल असतं. एवढ्या कमी मोकळ्या जागेत खुर्चीही दिसत नाही आणि तिची सावलीही नाही, त्यामुळे मॉडेलला उजेडाचा पत्ताच लागत नाही. शिवाय छोटा तुकडा मोठा करून, रंगवून पुन्हा लहान केला की नवी वस्तू बाकीच्या फोटोपेक्षा जास्त तीक्ष्ण दिसते. डोळ्याला ते लगेच खटकतं.

म्हणून मी मूळ फोटोतून 1024 बाय 1024 चा चौकोन हाताने कापतो, लहान-मोठं काहीही न करता. माझा चौकोन आडवा 1400 ते 2424 आणि उभा 1950 ते 2974 असा होता. स्टूलची जागा मध्यावर, डाव्या कडेला खुर्चीचे दोन पाय त्यांच्या सावल्यांसकट, आणि फरशीचे सांधे भरपूर. खिडकी चौकटीत नव्हती, पण तिने टाकलेली सावली होती, आणि तेवढं पुरतं. हा चौकोन वेब यूआयमध्ये `Whole picture` ठेवून चालवायचा. एका पिक्सेलला एकच पिक्सेल राहिल्यामुळे पोताची निम्मी कटकट इथेच मिटते.

वस्तू याहून मोठी असेल आणि 1024 मध्ये मावत नसेल, तर चौकोन मोठा घेऊन लहान करावा लागतो. मग निकाल किंचित मऊ येतो, आणि तो मऊपणा शेवटी हाताने दुरुस्त करावा लागतो.

आत काहीतरी रंगवून ठेवा

या पायरीवर वेळ घालवा, बाकी कुठे घाई केली तरी चालेल. कापलेल्या चौकोनावर गिम्पमध्ये स्टूलचं ओबडधोबड चित्र काढायचं. चित्रकला येण्याची गरज नाही. आधी मोजून काढलेल्या जागी 240 बाय 67 चा लंबगोल, त्याखाली बैठकीची जाडी, मग चार पाय, पुढचे खाली, मागचे वर. रंग तीनच, तेही खुर्चीवरून उचललेले: वरच्या पृष्ठभागाचा, उजेडाकडच्या बाजूचा आणि अंधाराकडच्या बाजूचा. प्रत्येक पायाची डावी कड उजळ, उजवी गडद.

सावली वेगळ्या लेअरवर, `Multiply` मोडमध्ये. आधीचे तीन भागाकार इथे कामाला येतात. 255 ला 0.52, 0.56 आणि 0.61 ने गुणलं की 133, 143, 156 मिळतात. हा सावलीचा रंग. पायाला लागून तो पूर्ण जोरात, मग उजवीकडे मऊ ब्रशने विरत न्या. बैठकीखाली फरशीवर जी रुंद, फिकट सावली पडते ती विसरू नका. लोक पायांच्या सावल्या काढतात आणि बैठकीची सोडून देतात, पण स्टूलला वजन येतं ते तिच्यामुळेच.

पायांच्या मधून पलीकडची फरशी दिसणार आहे. ती मूळचीच राहू द्या, सांधे झाकू नका.

मास्क वस्तूचा नाही, तिच्या परिणामाचा

माझ्या पहिल्या प्रयत्नातली मुख्य चूक ही. मास्क मी स्टूलच्या कडेकडेने घट्ट काढला होता. मॉडेलला सावली टाकायची असती तरी जागाच नव्हती. मास्कच्या बाहेर उजळ फरशी होती, आणि सावली नसलेल्या फरशीशी शोभेल असं स्टूल म्हणजे तरंगणारं स्टूल. मॉडेलने दिलेल्या चौकटीत बरोबरच काम केलं होतं.

आता मी मास्कमध्ये स्टूल, भोवती 30 ते 40 पिक्सेलची मोकळी जागा आणि सावली विरते तिथपर्यंतचा सगळा भाग घेतो. माझा मास्क रुंदीला साधारण 650 पिक्सेल झाला, म्हणजे बैठकीच्या अडीचपटीहून जास्त. फरशी चकचकीत असेल तर प्रतिबिंबही धरावं लागतं. ते वस्तूच्या सरळ खाली पडतं आणि जवळजवळ वस्तूएवढंच उंच असतं, म्हणून मास्क खाली तेवढाच वाढवायचा. मात्र प्रतिबिंब मॉडेलकडून क्वचितच बरोबर येतं. तिथे स्टूल उलटं करून फिकट लेअर म्हणून हाताने लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

मास्कची कड 8 पिक्सेलच्या घरांनीच काम करते, कारण मॉडेलच्या आतलं चित्र तेवढं लहान असतं. `Mask blur` 8 ते 12 ठेवला की तो जोड मऊ होतो. मुळातला 4 या आकाराच्या चौकोनाला मला कमी वाटतो.

चालवताना

`Masked content` मध्ये `original` निवडा, नाहीतर तुम्ही रंगवलेलं चित्र पुसलं जाईल. कम्फीयूआयमध्ये हाच घोटाळा वेगळ्या जागी होतो. `VAE Encode (for Inpainting)` हा नोड मास्कखालचं चित्र करडं करून टाकतो. तिथे त्याऐवजी साधा `VAE Encode` आणि पुढे `Set Latent Noise Mask`, किंवा इनपेंटिंग मॉडेल असेल तर `InpaintModelConditioning` वापरा.

खरी किल्ली `Denoising strength`, म्हणजे मास्कखालचं चित्र मॉडेलने किती बदलायचं हे ठरवणारा आकडा. 0.4 वर माझं ओबडधोबड चित्र जवळजवळ तसंच राहिलं, फक्त चिखलाच्या खेळण्यासारखं गुळगुळीत झालं. 0.85 वर मॉडेलने माझी सगळी मोजमापं झुगारून आपल्या मनाचं, मोठं स्टूल काढलं. 0.6 ते 0.7 मध्ये लाकूड खरं झालं आणि जागा, आकार, सावलीची दिशा माझी राहिली. मी 0.65 वर वेगवेगळ्या सीडने, म्हणजे सुरुवातीचा आकडा दर वेळी बदलून, आठ चित्रं काढली आणि त्यांतलं पाय नीट टेकलेलं निवडलं. लाकूड सर्वांत सुंदर असलेलं वेगळंच होतं. लाकूड नंतर सुधारता येतं, पायांची जागा येत नाही.

प्रॉम्प्ट साधा:

```
round wooden stool on a matte tiled floor, soft window light
from the left, soft shadow to the right, indoor phone photo
```

स्टुडिओ, सिनेमा, अतिशय तीक्ष्ण असे शब्द घालू नका. त्या शब्दांबरोबर त्यांचा स्वतःचा उजेड येतो आणि तो तुमच्या खिडकीशी भांडतो.

दुसरी फेरी फक्त पायांच्या टोकांसाठी. मास्क लहान, प्रत्येक टोकाभोवती 60-70 पिक्सेल, `Denoising strength` 0.35. त्याआधी लाकूड आणि फरशी जिथे मिळतात तिथे दोन-तीन पिक्सेलची अगदी गडद रेघ ब्रशने ओढतो. वस्तू टेकते तिथे उजेड पोचतच नाही, ती फट जवळजवळ काळी असते. एवढ्याशा रेघेने माझं स्टूल जमिनीवर उतरलं.

परत चिकटवताना

निकालाचा पूर्ण चौकोन मूळ फोटोवर ठेवू नका. मास्कच्या बाहेरचा भागही मॉडेलमधून जाताना किंचित बदललेला असू शकतो, बारीक कण पुसलेले असतात. चौकोन वरच्या लेअरवर ठेवा, त्याला लेअर मास्क लावा आणि फक्त स्टूल व सावलीचा भाग दिसू द्या. लेअर मास्कची कड मोकळ्या फरशीवरून जायला हवी, सावलीच्या मधून नाही.

मग रंग तपासा. मास्कच्या आतल्या उजळ फरशीवर आणि बाहेरच्या उजळ फरशीवर कलर पिकर ठेवा. माझ्याकडे आतली फरशी 4 आकड्यांनी जास्त उजळ निघाली. तेवढा फरक कर्व्हजने काढला. डोळ्यांना चारचा फरक जाणवत नाही असं वाटतं, पण मोठ्या सपाट भागावर त्याचा डाग दिसतो.

शेवटी कण. फोनच्या फोटोत सपाट रंगावरही बारीक खरखर असते, मॉडेलच्या चित्रात ती कमी असते. ही खरखर मोजता येते. आधी लेअर जोडून पूर्ण फोटो सेव्ह करा, मग फरशीचे दोन तुकडे घ्या, एक जुना आणि एक नवा, दोन्ही एकाच उजेडातले आणि सांधे नसलेले:

```python
from PIL import Image, ImageFilter
import numpy as np

im = Image.open("photo.png").convert("L")
a = np.asarray(im, float)
b = np.asarray(im.filter(ImageFilter.GaussianBlur(2)), float)
d = a - b
print(d[2800:2850, 1300:1350].std())  # जुनी फरशी
print(d[2800:2850, 1720:1770].std())  # नवी फरशी
```

माझे आकडे 3.1 आणि 1.4 आले. इथे सरळ वजाबाकी चालत नाही, वर्गांची करावी लागते: 9.61 वजा 1.96, त्याचं वर्गमूळ सुमारे 2.8. तेवढी खरखर स्टूलच्या लेअरवर वाढवायची. गिम्पच्या `RGB Noise` मधून येणारे कण फार टोकदार असतात, म्हणून त्यांवर अर्ध्या पिक्सेलचा ब्लर देतो आणि पुन्हा मोजतो. दोन-तीन वेळा मागेपुढे केल्यावर आकडे जुळतात.

फसलंय का, हे कसं ओळखायचं

तासभर त्याच चित्राकडे पाहिलेला डोळा चुका झाकतो. म्हणून फोटो आडवा उलटा करून पाहा, पायांची चूक लगेच वर येते. मग तो बोटाच्या पेराएवढा लहान करून पाहा. लहान चित्रात लाकूड दिसत नाही, फक्त उजेड आणि अंधार दिसतो. तेव्हा स्टूल शेजारच्या खुर्चीपेक्षा उजळ किंवा गडद वाटलं तर बैठकीचा रंग चुकला आहे. तिसरी चाचणी म्हणजे कर्व्हजने सावल्या खूप उजळ करणे. मूळ सावल्यांत तेव्हा रंग आणि खरखर दिसते. नव्या सावलीत सपाट करडेपणा दिसला तर तिथे कण कमी पडले आहेत.

आणि पायांच्या मधून दिसणारे सांधे. मॉडेल त्यांना बऱ्याचदा मधेच वळवतं किंवा एखादा गाळूनच टाकतं. स्टूलच्या एका बाजूच्या सांध्यावर सरळ रेघ ठेवून ती दुसऱ्या बाजूच्या सांध्याला मिळते का बघा. माझ्या फोटोत मागच्या दोन पायांमधला सांधा 6 पिक्सेल वर सरकला होता. तेवढ्या भागात लेअर मास्क काळा केला, खालची मूळ फरशी उघडी पडली आणि सांधा आपल्या जागी आला. मात्र तिथे बैठकीची फिकट सावली होती, तीही त्याबरोबर गेली. ती `Multiply` लेअरवर त्याच तीन आकड्यांनी, कमी जोरात, पुन्हा भरावी लागली.

एका बाबतीत ही सगळी पद्धत तोकडी पडते. नव्या वस्तूवर जुन्या वस्तूची सावली पडायला हवी असेल, म्हणजे स्टूल खुर्चीच्या इतकं जवळ असेल की खुर्चीची पाठ त्याच्यावर सावली टाकेल, तर मॉडेल ते ओळखत नाही. ते स्टूलला मोकळ्या उजेडातच काढतं. अशा वेळी मी स्टूल हातभर उजवीकडे सरकवतो. जागा बदलणं शक्यच नसेल तर ती सावलीसुद्धा आधी रंगवावी लागते, आणि बैठकीच्या वळणाबरोबर ती कशी वळेल हे खोलीत खरं स्टूल किंवा पुठ्ठ्याचा डबा ठेवून, फोटो काढून पाहावं लागतं.